तुम्ही विचारलंत म्हणून: कॉर्टिसॉल वाढलेलं, पण कुशिंग नाही

"मॅडम, कॉर्टिसॉल तिपटीनं वाढलंय, डेक्सामेथासोननं दबतही नाही. मग पेशंटमध्ये कुशिंगचं काहीच कसं दिसत नाही?"

कुशिंग म्हणजे जास्त कॉर्टिसॉल दीर्घकाळ काम करत राहिल्यानं होणारा आजार. सत्तावीस वर्षांची एक शिक्षिका माझ्याकडे आली होती, तिच्यापासूनच सांगते. हनुवटीवर आणि छातीवर राठ केस, दोन-तीन महिने न येणारी पाळी आणि चार वर्षं पीसीओएस म्हणून चाललेले उपचार. रक्तदाब १६०/१०४ होता. पोटॅशियम ३.१ होतं आणि त्याकडे कुणाचं लक्ष गेलं नव्हतं. केसांसाठी केलेल्या तपासण्यांत सकाळचं कॉर्टिसॉल ३६ मायक्रोग्रॅम निघालं. डेक्सामेथासोन हे कॉर्टिसॉलसारखं काम करणारं कृत्रिम स्टेरॉइड. रात्री १ मिलिग्रॅम दिल्यावर कॉर्टिसॉल १.८ च्या खाली जायला हवं होतं, ते १५ वर थांबलं. चोवीस तासांच्या लघवीतलं कॉर्टिसॉल वरच्या मर्यादेच्या तिप्पट. ॲड्रिनल ग्रंथींना कॉर्टिसॉल बनवायला लावणारं पिट्यूटरीचं संप्रेरक, एसीटीएच, तेही वाढलेलं. त्यात एमआरआयमध्ये पिट्यूटरीत ४ मिलिमीटरचा ठिपका दिसला.

कागदावर हा कुशिंग डिसीज, म्हणजे पिट्यूटरीतल्या गाठीमुळे होणारं कुशिंग होतं आणि तिला ऑपरेशनची तारीखही मिळाली होती. खरं सांगायचं तर मीही पहिला आठवडा त्याच वाटेनं विचार करत होते. मग तिला तपासणीच्या खोलीत खाली मांडी घालून बसायला सांगितलं आणि म्हटलं, आता उठा. हात न टेकता ती सहज उठली. दंडाची कातडी जाड, पोटावर जांभळे चट्टे नाहीत, टोचलं तिथे काळं-निळं होत नाही, हाडांची घनता वयाला साजेशी. इतकं कॉर्टिसॉल काही वर्षं खरोखर काम करत असतं, तर या शरीरावर ते उमटलं असतं.

कॉर्टिसॉल पेशीत शिरून एका रिसेप्टरला चिकटतं आणि तो रिसेप्टर केंद्रकात जाऊन जनुकं चालू-बंद करतो. हा रिसेप्टर एनआर३सी१ या जनुकातून बनतो. त्यातल्या एखाद्या बदलामुळे रिसेप्टरची कॉर्टिसॉल धरण्याची ताकद कमी झाली, तर नेहमीच्या पातळीला पेशींना पुरेसा संदेश मिळत नाही. पण हायपोथॅलॅमस आणि पिट्यूटरीतही तोच अधू रिसेप्टर असतो. त्यांना कॉर्टिसॉल कमीच वाटतं, म्हणून एसीटीएच वाढतं, ॲड्रिनल जोरात काम करतात आणि कॉर्टिसॉल चढत जातं. पिट्यूटरीचं समाधान होईल त्या पातळीला ते थांबतं. त्या पातळीला स्नायू, त्वचा आणि हाडांनाही साधारण पुरेल इतकाच संदेश पोचलेला असतो. म्हणजे तिप्पट आकडा ही भरपाई आहे. या विकाराला ग्लुकोकॉर्टिकॉइड रेझिस्टन्स म्हणतात.

मग ती आजारी का? कारण कॉर्टिसॉल ज्या इतर रिसेप्टरना चिकटू शकतं, ते तिच्यात धडधाकट आहेत. मूत्रपिंडातला मिनरलोकॉर्टिकॉइड रिसेप्टर कॉर्टिसॉललाही अल्डोस्टेरॉनइतक्याच जोरानं धरतो. एरवी तिथलं एक एन्झाइम कॉर्टिसॉलचं निष्क्रिय कॉर्टिसोन करून त्याला आवर घालतं, पण इतक्या लोंढ्यापुढे ते पुरं पडत नाही. शिवाय एसीटीएचच्या रेट्यानं ॲड्रिनल डीऑक्सीकॉर्टिकोस्टेरॉनही जास्त सोडतात, तेही मीठ धरून ठेवतं. म्हणून रक्तदाब चढलेला, पोटॅशियम उतरलेलं, आणि तरीही रेनिन व अल्डोस्टेरॉन दोन्ही दबलेले. त्याच रेट्यानं ॲड्रिनलमधले अँड्रोजन वाढतात आणि केस, मुरमं, बिघडलेली पाळी येते. अधू रिसेप्टरच्या जागी तिला फारसं काही झालं नाही. त्रास झाला तो शाबूत रिसेप्टर असलेल्या अवयवांना. हे एकदा नीट बसलं की या विकाराचं चित्र पाठ करावं लागत नाही.

हा विकार पहिल्यांदा १९७६ मध्ये नेदरलँड्समधल्या एका कुटुंबात वर्णिला गेला. त्या कुटुंबातल्या मुख्य रुग्णाला तीव्र रक्तदाब आणि कमी पोटॅशियम होतं, कुशिंगची चिन्हं नव्हती. १९९१ मध्ये त्याच्या रिसेप्टरच्या ६४१ व्या जागी ॲस्पार्टिक ॲसिडऐवजी व्हॅलिन सापडलं. त्यानं संप्रेरक धरण्याची ताकद साधारण तिपटीनं घटली होती. त्याच्याकडे जनुकाच्या दोन्ही प्रती बदललेल्या होत्या. ज्या नातेवाइकांची एकच प्रत बदललेली होती, त्यांना फारसा त्रास नव्हता. मात्र एक प्रत म्हणजे सौम्य, असं गृहीत धरू नका. रिसेप्टर जोडीनं काम करतात आणि काही बदललेले रिसेप्टर आपल्या चांगल्या जोडीदारालाही अडवतात. ५५९ व्या जागी आयसोल्यूसिनऐवजी ॲस्परॅजिन आलेला बदल याच जातीचा आहे.

आता त्या मुलीत हे ओळखलं कसं? आधी डेक्सामेथासोन. कार्बामाझेपिन, फेनिटॉइन किंवा रिफॅम्पिसिन चालू असेल, तर डेक्सामेथासोन यकृतातच लवकर संपतं आणि चाचणी खोटी ठरते. म्हणून सकाळच्या त्याच नमुन्यात डेक्सामेथासोनची पातळीही मोजली, ती पुरेशी होती. गर्भनिरोधक गोळ्यांनी एकूण कॉर्टिसॉल फुगतं, पण लघवीतलं मोकळं कॉर्टिसॉल फुगत नाही, त्यामुळे तो प्रश्नही मिटला. मग एक दिवसाआड मध्यरात्री डोस वाढवत ०.३ पासून ३ मिलिग्रॅमपर्यंत नेला. ३ ला कॉर्टिसॉल अखेर दबलं. पण एवढ्यावर निकाल देता येत नाही, कारण जास्त डोसला कुशिंग डिसीजमध्येही ते दबू शकतं.

जास्त बोलकी होती ती दिवसाची लय. सकाळी ३६, मध्यरात्री १४. मध्यरात्रीचा आकडा नुसता मर्यादेशी ताडला तर तो कुशिंगच म्हणेल. पण सकाळशी ताडून बघा, निम्म्याहून खाली आलाय. कुशिंगमध्ये हा उतार बहुधा सपाट होतो. इथे सगळा आलेख उचलून वर ठेवल्यासारखा होता. पिट्यूटरीतल्या ठिपक्याचं म्हणाल, तर असे ठिपके काहीही त्रास नसलेल्या दहातल्या एका माणसात सापडतात.

मग वडिलांना बोलावलं. त्यांना कसलीही तक्रार नव्हती आणि त्यांच्या लघवीतलं कॉर्टिसॉल दुप्पट निघालं. दोघांच्याही जनुकाच्या एका प्रतीत, संप्रेरक धरणाऱ्या भागात, तोच बदल सापडला. ऑपरेशन रद्द केलं.

तिला डेक्सामेथासोन सुरू केलं, कारण ते मिनरलोकॉर्टिकॉइड रिसेप्टरला जवळजवळ हात लावत नाही. मोठा डोस अधू रिसेप्टरलाही पुरतो, एसीटीएच खाली येतं आणि ॲड्रिनल शांत होतात. अशा रुग्णांना रोज १ ते ३ मिलिग्रॅम लागू शकतं. तिला हळूहळू वाढवत १.५ पुरलं. रक्तदाब आणि पोटॅशियम काही आठवड्यांत सुधारलं, केसांना वर्ष गेलं. डोस थोडा जरी जास्त झाला तरी हातानं कुशिंग तयार होतं, म्हणून वजन आणि हाडांची घनता बघत राहतो. तिला मूल हवंय. डेक्सामेथासोन वार ओलांडून बाळापर्यंत पोचतं, त्यामुळे गर्भ राहण्याआधीच भेटायला सांगितलंय. बदल बाळात उतरण्याची शक्यता निम्मी, हेही तिला सांगितलं.

वडिलांना मी गोळी दिली नाही. कॉर्टिसॉल दुप्पट असलं तरी त्यांचा रक्तदाब १२६/८० आहे आणि पोटॅशियम ४.२. दर वर्षी तेवढंच तपासतो.