आमची वाटचाल : बाजूच्या गावात सहा रुपये, आमच्याकडे नऊ

आमची मिनी दाल मिल आहे, यवतमाळ जिल्ह्यातल्या एका खेड्यात, मी अन् माझी बायको मिळून चालवतो, सीझनला दोन पोरं कामाला असतात. मशीन अकोल्याच्या पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाच्या मॉडेलची. काम मुख्य म्हणजे भरडाई, शेतकरी आपल्या घरच्या तुरी आणते, आम्ही दाळ करून देतो, किलोमागे पैसे घेतो. स्वतःच्या तुरी घेऊन दाळ विकणं नंतर सुरू केलं, पण पोट भरडाईवरच.

सुरुवातीला आजूबाजूला कोणीच नव्हतं म्हणून रेट आम्ही ठरवू तोच. मग शेजारच्या गावात एकानं मिल टाकली अन् बोर्ड लावला, तूर भरडाई ६ रुपये किलो. आमचा रेट ९. ऐन मार्च महिना, लोकं कट्टे घेऊन येत अन् आधी हेच ऐकवत, "भाऊ तिकडे सहात होऊन रायलं, तुमी नऊ कायचे घेता?" बायको म्हणे लगेच सहा करू नका, पहिले तो सहामध्ये देते काय ते तर पाहा.

म्हणून आमच्या साडभाऊच्या तुरी घेतल्या. एकाच ढिगातल्या, एकाच वावरातल्या, चाळून साफ केलेल्या, अन् ५०-५० किलोचे दोन कट्टे भरले. एक त्यानं तिकडे नेला, साध्या गिऱ्हाईकासारखा, एक आमच्याकडे भरडला. ढीग एकच पाहिजे हे महत्त्वाचं, कारण तुरीचा दाणा बारीक असला की उतारा कमी येते, ओल जास्त असली तरी कमी येते, मग दोष मिलचा का मालाचा ते समजतच नाही.

तिकडून ३४ किलो दाळ आली अन् बस. चुनी, भुसा, खंडा काहीच नाही, ते मिलवाल्याकडे राहते अशी त्याची पद्धत, बोर्डावर ते लिहिलेलं नव्हतं. आमच्याकडे ३६ किलो दाळ निघाली अन् चुनी-भुसा-खंडा मिळून साडेबारा किलो, सगळं परत दिलं. इथे एक ताळा करून पाहायचा असते, जे जे परत आलं त्याची बेरीज. आमची साडेअठ्ठेचाळीस झाली, म्हणजे ५० मधले दीड किलो धूळ अन् ओल उडण्यात गेले, तेवढं जातेच. त्याची बेरीज ३४, म्हणजे १६ किलो माल गिऱ्हाईकाच्या हातात आलाच नाही. त्याचा खरा रेट त्या १६ किलोत होता, बोर्डावर नव्हता.

आता पैशात मांडू. त्याची भरडाई ३०० रुपये, आमची ४५०, म्हणजे आम्ही दीडशेनं महाग. पण दोन किलो दाळ जास्त, तेव्हा दाळ १२० धरली तर २४० रुपये, अन् साडेबारा किलो चुनी-भुसा १५ नं धरला तर १८७. चारशेच्या वर परत गेले, दीडशे वजा केले तरी आमच्याकडे गिऱ्हाईक पावणेतीनशेनं फायद्यात. घरी म्हैस नाही, चुनी काय करू म्हणणाऱ्याला मात्र फक्त दाळीचाच फायदा, नव्वद रुपये. अन् जो माणूस दहाच किलो तुरी आणते त्याला एवढ्या फरकात काही पडलेलं नसते, त्याला जवळची मिल पाहिजे, तो तिकडे जाईल तर जाऊ द्यायचा. एकाच कट्ट्यावर भरोसा ठेवायचा नाही म्हणून पुढे दुसऱ्या वावरातल्या तुरीवर हेच केलं, उतारा थोडा वेगळा आला पण फरक त्याच बाजूला होता. उताऱ्यात फरक कशानं, तर आमचा अंदाज असा की तो तेलाचा हात लावून नीट वाळवत नाही, दिवसाच्या दिवसात दाळ देते, मग साल सुटत नाही, रोलर घट्ट करून जोरानं काढावं लागते अन् दाळ फुटून चुनीत जाते.

तरी सहा करून टाकायला काय हरकत, असं आमचा भाऊ म्हणायचा. त्याला वहीवर दाखवलं. वीज, पोरांची मजुरी, तेल, रोलरची झीज धरून किलोमागे खर्च ४ रुपये, मशीनचा हप्ता वेगळा, तो काम झालं काय न झालं काय द्याच लागते. नऊमध्ये ५ उरतात, सहामध्ये २. म्हणजे सहा करून तेवढेच पैसे कमवायला अडीच पट माल भरडावा लागते, अन् एप्रिलमध्ये आमची मशीन तशीही सकाळपासून रात्रीपर्यंत चालू, वाळवायला अंगण पुरत नाही, अडीच पट माल कुठे घेऊ? उलटं करून पाहा, नऊवर राहिलो अन् १०० किलोमधलं ६० किलो काम तिकडे गेलं तरी उरलेल्या ४० वर ५ रुपयांप्रमाणे २०० च होतात, सहा करून सगळं १०० टिकवलं असतं तरी २०० च. एवढं काम जाणार नव्हतं, गेलंही नाही. नऊच ठेवला, फक्त दारात वजनकाटा आणून ठेवला, आत जाताना अन् बाहेर येताना दोन्ही वजनं चिठ्ठीवर लिहून देतो. लोकं मग स्वतःच तिकडच्या मिलवाल्याला चुनी कुठे गेली म्हणून विचारू लागले.

पण हरभऱ्याचं तसं नाही. हरभऱ्याची साल लवकर सुटते, उतारा त्याचा अन् आमचा जवळपास सारखाच निघाला, वरून चुनीचाही फारसा प्रश्न नाही. तिथे तो ५ घेते अन् आम्ही ६, तर एक रुपया कशासाठी जास्त मागतो हे मला गिऱ्हाईकाला सांगता येत नव्हतं. खर्च ३ चा, म्हणून गुपचूप ५ केला. हरभरा आणणारा तोच माणूस तुरी पण आणते, त्याला रुपयासाठी तिकडची वाट दाखवायची नाही.

दाळ विक्रीतही लोकं असेच भाव ऐकवतात, की तालुक्याला पाकिटातली दाळ १२२ नं आहे. जुलै २०२२ पासून लेबल लावलेल्या पाकिटावर ५ टक्के जीएसटी आहे, तो काढला तर दाळ ११६ ची. म्हणजे आमची सुटी दाळ १२५ ची, गिऱ्हाईकाच्या खिशातून तीनच जास्त जातात, पण नुसत्या दाळीच्या भावात फरक नऊचा आहे. आम्ही पॉलिश करत नाही, शिजवून पाहिलेलं गिऱ्हाईक जास्तीचे देते, बाकीचे देत नाहीत. किराणावाल्यांना मी त्या भावात देतच नाही, त्यांना पंधरा दिवसांची उधारी पण पाहिजे असते.

रेट तोडला तो फक्त एका ठिकाणी, दिवाळीनंतर. मूग-उडीद घरात आलेला असते, पाऊस संपून ऊन पडलेलं असते अन् मशीन झाकून ठेवलेली. हप्ता तुरीच्या सीझनमधून निघून गेलेला, म्हणून तेव्हा ४ च्या वर जे येईल ते आपलंच. तिकडच्याचा मुगाचा रेट ७, आम्ही साडेपाच लावला, पण चिठ्ठीवर ठळक लिहिलं की फक्त मूग-उडीद, अन् डिसेंबरपर्यंतच. तारीख नसती लिहिली तर फेब्रुवारीत तुरी घेऊन आलेल्यानं साडेपाचच मागितले असते. तिकडच्यानं रेट उतरवला नाही, त्याची पोरं तेव्हा कापूस वेचणीला जातात, मिल बहुतेक बंदच असते.