८८ चा अपडेट: ९८७६ काही दाद देईना

मागच्या अपडेटमधली ११ ने भाग जाणारी संख्या आठवत असेल, १ ते ९ अंक एकेकदाच वापरून मोठ्यात मोठी, ९८७६५२४१३. अंकांची बेरीज ४५ असल्यामुळे ९ फुकटात मिळाला आणि संख्या ९९ ची झाली, तो आनंद अजून उतरला नव्हता तेवढ्यात डोक्यात आलं की आता ८ पण घालू. म्हणजे ८ आणि ११ दोन्हींनी भाग जायला हवा, ८८. आणि इथेच सगळं अडकलं.

११ चा हिशोब तोच. विषम घरांची बेरीज आणि सम घरांची बेरीज यातला फरक ११ च्या पटीत हवा, एकूण ४५ म्हणजे फरक विषमच येणार, त्यामुळे २८ आणि १७ हीच वाटणी (३३ चा फरक घेतला तर ३९ आणि ६ लागतात, वेगवेगळ्या चार अंकांची बेरीजच कमीत कमी १०, सोडा). पहिल्या आणि तिसऱ्या घरात ९ आणि ७ बसले की तिथेच १६ झाले, म्हणून विषम घरांना २८ आणि सम घरांना १७. इथपर्यंत मस्त.

पण ८ ला शेवटचे तीन अंक लागतात, आणि ११ ने नेमक्या त्याच घरांत कोण बसणार ते आधीच ठरवून टाकलेलं असतं. ९८७६५ ने सुरुवात केली तर विषम घरांत ४ आणि ३ येतात, सम घरांत २ आणि १. एकक सम हवा म्हणजे शेवटी ४, सातव्या घरात ३, शेपूट ३१४ किंवा ३२४. दोन्ही बाद. ९८७६४ घेतलं तर विषम घरांना ५ आणि ३ येतात, एकक विषम, गेलं. ९८७६३ मध्ये शेपूट ५१४ किंवा ५२४, परत बाद. ९८७६२ आणि ९८७६१ मध्ये तर २८ ची बेरीजच जमत नाही. म्हणजे ९८७६ ने सुरू होणारी एकही संख्या नाही!! हे पटायलाच मला वेळ लागला, चौकटीच्या वहीची पानं भरली नुसती.

सुटलं ते ८ ची कसोटी भागाकार न करता वापरल्यावर. शतकाचा अंक सम असेल तर शेवटच्या दोन अंकांना ८ ने भाग जायला हवा, शतक विषम असेल तर त्यांना ८ ने भागून बाकी ४ उरायला हवी. ३२४ मध्ये शतक विषम आणि २४ ची बाकी शून्य, म्हणून बाद, ५२४ चं पण तेच दुखणं. १४ ला तर ४ नेच भाग जात नाही, मग पुढे बघायचंच कशाला.

मग चौथं घर सोडून दिलं, ९८७५. उरले ६, ४, ३, २, १. विषम घरांना अजून १२ हवेत, सम घरांना ४, म्हणजे सम घरांत १ आणि ३ आणि विषम घरांत ६, ४, २. सगळे सम एकाच बाजूला आले, एककाची काळजीच मिटली! पाचव्या घरात ६. सहाव्यात ३ ठेवला तर शेपूट ४१२ किंवा २१४, दोन्ही नाही. सहाव्यात १ ठेवला, शेपूट ४३२, शतक सम, ३२ ला ८ ने भाग जातो.

९८७५६१४३२. भागाकार ११२२२२८९. ९ तर आहेच, म्हणजे ७९२ ने पण जातो.

कॉम्प्युटरवर ३,६२,८८० मांडण्या लावून उत्तर लगेच मिळतं, मान्य, पण ९८७६ का मेलं ते त्यातून कळत नाही, म्हणून मी वहीवालाच. वही अप्पा बळवंत चौकातून घ्या, मोठ्या चौकटीची, बारीक चौकटीत सम-विषम घरं डोळ्यांना लागत नाहीत. आणि एका क्लासच्या नोट्समध्ये ८८ साठी "४ आणि २२ तपासा" असं छापलंय, ते वापरू नका. ४४ ला ४ आणि २२ दोन्हींनी भाग जातो, ८८ ने जात नाही. फोड करताना दोन्ही भागांत सामाईक अवयव नको.

पुढे ७ घ्यायचा होता, पण हे लिहिता लिहिताच सुचलं की ० पण घेतला तर? बेरीज तीच ४५, घरं पाच-पाच. आत्ताच करून बघितलं: ९८७६५ नंतर सातव्या-नवव्या घरात ४ आणि ३, उरलेल्या तीन सम घरांत २, १, ०. सहाव्यात २ ठेवला तर शेपूट १३० किंवा १४०, नाही. सहाव्यात १ ठेवला तर २३० नाही पण ०३२ चालतं, आणि संख्या येते ९८७६५१४०३२! म्हणजे एका शून्याने ९८७६५ अख्खं वाचवलं. आता ७ बाजूला, आधी शून्यासकट १७६ बघतो, तिथे १६ साठी शेवटचे चार अंक धरावे लागतील.