अमळनेरची माडीवरची जिम: आराखडा स्लॅबने ठरवला

मागच्या नोंदीत जागा पक्की झाल्याचं लिहिलं होतं. काकांच्या घराची माडी, 32 बाय 18 फुटांचा एकसलग हॉल, खाली त्यांचं बियाण्यांचं दुकान. आपल्या सहा-सात जणांना पुरेल अशी जिम तिथे उभी करायची आहे. या वेळी मशिनी कुठे ठेवायच्या यावर काम झालं, आणि सगळ्यात आधी स्लॅब तपासला. माडीवर जिम करायची असेल तर पहिली रेघ ओढायच्या आधी हे व्हायलाच हवं, असं माझं ठाम मत आहे. आरसे, कूलर, कपडे बदलायची खोली या गोष्टी पुढेमागे सरकवता येतात. स्लॅब सरकत नाही.

काकांकडे 1994 चा मूळ नकाशा सापडला. स्लॅब पाच इंची, घराच्या हिशेबाने टाकलेला. भारतीय मानकात राहत्या खोल्यांसाठी वापराचा भार दर चौरस मीटरला 2 किलोन्यूटन, म्हणजे साधारण 200 किलो धरतात. व्यायामशाळेसाठी तोच आकडा दुप्पट असतो. म्हणजे कागदावर आमची माडी जिमच्या लायक नाही. म्हणून नुसत्या नकाशावर विसंबलो नाही. जळगावहून स्ट्रक्चरल इंजिनियर बोलावले. त्यांनी बार लोकेटरने सळयांचं अंतर पाहिलं, हातोडीने छत वाजवून पोकळ आवाज येतो का ते ऐकलं, सळयांच्या रेघेत तडा किंवा गंजाचा डाग आहे का ते खालून दुकानात शिडी लावून बघितलं. छत धडधाकट निघालं. तरी त्यांनी लेखी दिलं ते असं: सरसकट भार 200 च्या वर नेऊ नका, जड वस्तू बीमवर आणि भिंतीलगत ठेवा, वजन आपटणं पूर्ण बंद.

आता हे आकडे खऱ्या सामानाला लावून बघू. स्क्वॉट रॅक 140 किलो, बार आणि प्लेटा 170, उचलणारा गडी 90. एकूण 400. रॅकच्या पायांखालची जागा फक्त सव्वादोन चौरस मीटर, पण भोवती फिरायला मोकळी जागा लागतेच. ती धरून सहा चौरस मीटरवर वाटलं तर दर चौरस मीटरला 70 किलोही पडत नाही. रॅकची भीती जितकी वाटते तितकी नाही. डंबेलचा स्टँड मात्र फसवतो. 5 पासून 25 किलोपर्यंत अडीच-अडीचने चढणाऱ्या नऊ जोड्या म्हणजे 270 किलो, स्टँड 80. हे सगळं सहा बाय दोन फुटांत, म्हणजे दर चौरस मीटरला 315 किलोच्या घरात. आणि तो भार चोवीस तास तिथेच बसलेला. दिसायला सगळ्यात निरुपद्रवी वस्तू, आणि स्लॅबला सगळ्यात जास्त तीच छळते.

हॉलमध्ये 18 फुटांच्या अंगाने दोन बीम आडवे गेले आहेत. वरून ते दिसत नाहीत. खालून बाहेरच्या भिंतीपासून मापं घेतली आणि वर येऊन खडूने रेघा मारल्या. एका बीमवर डंबेलचा स्टँड लांबीने, भिंतीला एक टोक लावून ठेवला. दुसऱ्यावर रॅक, तोही भिंतीपासून त्याचा मध्य तीन फुटांवर येईल असा. हे तीन फूट का, तर 18 फुटी बीमच्या मधोमध ठेवलेलं वजन त्याला जितकं वाकवतं, त्याच्या जेमतेम निम्म्याहून थोडं जास्त ते तीन फुटांवर वाकवतं. तेच वजन, तोच बीम, फक्त जागा बदलली. हॉलचा मधला भाग चटया आणि मोकळ्या व्यायामासाठी रिकामा ठेवला.

डेडलिफ्टचा प्रश्न वेगळा आहे, कारण तिथे वजन नुसतं बसत नाही, पडतं. 100 किलोचा बार मांडीपर्यंत उचलून सोडला तर तो अर्धा मीटर खाली येतो. उघड्या फरशीवर त्याला थांबायला समजा 5 मिलिमीटर मिळाले, तर अर्धा मीटर त्याच्या शंभरपट झाला. म्हणजे थांबताना बसणारा सरासरी दणका वजनाच्या शंभरपट, दहा टनांचा. जाड रबर घालून थांबायचं अंतर 20 मिलिमीटर केलं तर तो अडीच टनांवर येतो. हिशेब ढोबळ आहे, पण त्यातून दोन गोष्टी कळतात. रबराने खूप फरक पडतो, आणि रबर घालूनही अडीच टन घरच्या स्लॅबवर पुन्हा पुन्हा आपटायची गोष्ट नाही. डोक्यावरून सोडलेला बार दोन मीटर पडतो, म्हणजे तोच आकडा पुन्हा चौपट. म्हणून डेडलिफ्ट आणि क्लीन खाली परसात नेले. वर बार हातात धरूनच खाली ठेवायचा.

परसात नेलं म्हणजे प्रश्न मिटला असं आपल्याकडे होत नाही. मिस्त्री खड्डा बघायला आले आणि ढेकूळ हातात चुरत म्हणाले, "भाऊ, आठे काळी माटी शे, पानी लागनं का फुगस." ज्यांच्या अंगणात मे महिन्यात बोट जाईल एवढ्या भेगा पडतात त्यांना हे सांगायला नको. पण किती फुगते ते घरीच मोजता येतं, म्हणून केलं. वाळलेली माती कुटून बारीक चाळणीने गाळली, दहा-दहा ग्रॅम दोन मापाच्या नळ्यांत घातली, एकीत रॉकेल, दुसरीत पाणी, आणि चोवीस तास ठेवली. रॉकेलमध्ये माती फुगत नाही, पाण्यात फुगते. रॉकेलमध्ये 11 मिलिलिटर, पाण्यात 18. फरक 7, भागिले 11, म्हणजे 64 टक्के. पन्नाशीच्या वर गेली की ती चांगलीच फुगणारी माती समजतात. अशा मातीवर सरळ काँक्रीट ओतलं असतं तर पावसाळ्यात उचललं जाऊन पुढच्या उन्हाळ्यात तडकलं असतं, मग वर बार पडो न पडो.

म्हणून दहा बाय बारा फुटांत अडीच फूट काळी माती काढून टाकली आणि मुरूम भरला. सहा-सहा इंचांचा थर, प्रत्येक थरावर पाणी आणि धुम्मस. वर पाच इंची काँक्रीट, 8 मिलिमीटरच्या सळयांची जाळी. घराच्या भिंतीला लागून अर्ध्या इंचाचा थर्माकोल उभा ठेवला, म्हणजे हादरा भिंतीत जाणार नाही. पावसाचं पाणी मुरमात मुरून खालच्या मातीला पोचू नये म्हणून भोवती उताराची फरशी अजून व्हायची आहे. ती झाल्याशिवाय हे काम पूर्ण धरत नाही.

आता आरसे. दक्षिणेची भिंत शेजाऱ्यांशी सामायिक, तिला खिडकी नाही, आणि समोर उत्तरेच्या खिडक्या. उत्तरेचा उजेड दिवसभर सौम्य राहतो, त्यामुळे आरसे दक्षिणेलाच. पश्चिमेच्या खिडकीसमोर लावले असते तर संध्याकाळच्या बॅचच्या डोळ्यांत सूर्य गेला असता. काच 6 मिलिमीटरची. पातळ काच जराशा खडबडीत भिंतीवर वाकते आणि गुडघे वाकडे दाखवते, मग फॉर्म बघायला आरसा लावून काय उपयोग? चार बाय सहा फुटांची एक काच 33 किलोची भरते, म्हणून पोपडे आलेला गिलावा आधी खरवडून पक्का केला. खालची कड जमिनीपासून दीड फुटावर, घरंगळलेली प्लेट काचेला लागू नये म्हणून. चिकटवायला सिलिकॉन घेताना वास घ्या. व्हिनेगरसारखा आंबट वास येतो तो आरशामागचा थर खातो आणि काही महिन्यांत काळे डाग उमटतात. न्यूट्रल लिहिलेलाच मागा.

हवेच्या बाबतीत आपला उन्हाळा आणि आपला पावसाळा हे दोन निराळे प्रश्न आहेत. मे महिन्यात 43 अंश आणि हवा कोरडी, 15 टक्के आर्द्रता, तेव्हा चांगल्या पॅडचा कूलर 28 च्या आसपास हवा देतो. एसीची गरज नाही. पण कूलरची हवा बाहेर जायला वाट हवी, नाहीतर अर्ध्या तासात खोली दमट होते आणि घाम वाळेनासा होतो. आमचा कूलर तासाला 4000 घनमीटर हवा देतो. ती सावकाश बाहेर पडायला आठ चौरस फूट उघडी जागा लागते, म्हणजे दोन बाय दोनची दोन झडपं. कूलर उत्तरेच्या भिंतीवर पश्चिम टोकाला सावलीत, झडपं पूर्व टोकाला, म्हणजे हवा हॉलची पूर्ण लांबी ओलांडून जाते. कूलरचं तोंड आरशावर रोखायचं नाही. आपल्या बोअरच्या पाण्याचे क्षार तुषारांबरोबर येतात आणि काचेवर पांढरे ठिपके धरतात. जुलैत हवा आधीच ओली असते, तेव्हा कूलर फार तर दोन-तीन अंश कमी करतो आणि बारवर गंज चढवतो. पहिला पाऊस पडला की पंप बंद, नुसता पंखा आणि छताजवळचा एक्झॉस्ट.

कपडे बदलायची खोली आग्नेय कोपऱ्यात, सहा बाय आठ फूट. वर अंघोळीची सोय करावी असा बऱ्याच जणांचा आग्रह होता. त्यासाठी जमीन उचलून आठ इंच विटांच्या तुकड्यांचा कोबा भरावा लागतो, आणि तो एकटाच दर चौरस मीटरला 350 किलोच्या वर जातो. स्लॅबने तेही ठरवून टाकलं. वर फक्त कोरडी खोली, अंघोळ खाली परसात. दाराची जागा मात्र आरशाने ठरवली. दार पश्चिमेच्या बाजूला ठेवलं असतं तर ते उघडताच आतलं सगळं दक्षिणेच्या आरशात दिसलं असतं. सकाळची बॅच वहिनी आणि त्यांच्या मैत्रिणींची आहे, त्यांनीच हे आधी लक्षात आणून दिलं. दार उत्तरेकडे घेतलं. मग हॉलच्या प्रत्येक कोपऱ्यात एकेक जण उभा करून दार उघडून पाहिलं, आरशातून कुठूनही आत नजर जात नाही. खोलीला स्वतःचा छोटा एक्झॉस्ट आहे आणि दाराखाली एक इंच फट, म्हणजे हवा हॉलमधून आत ओढली जाते आणि ओल्या कपड्यांचा वास हॉलमध्ये येत नाही.

ट्रेडमिल अजून आलेली नाही. ती भिंतीलगत बीमवरच बसेल, पण मागे सहा फूट मोकळे सोडायचे म्हटलं तर डंबेलच्या स्टँडसमोरची जागा अडते. कोणी 18 फुटी रुंदीत हे दोन्ही बसवलं असेल तर मापांसह कळवा. पुढच्या नोंदीत परसातल्या प्लॅटफॉर्मचे प्लायचे थर आणि रबराची जाडी लिहितो.