ओसाकाला जाण्याआधी वाचलेले चार्जरवरचे लेबल

जपानमध्ये घरातल्या भिंतीत येणारी वीज १०० व्होल्टची असते आणि आपल्याकडे ती २३० व्होल्टची असते. मुलीकडे ओसाकाला काही महिने राहायला जायचे ठरले, तेव्हा तयारीच्या यादीत मी कपड्यांच्याही आधी हा फरक लिहून ठेवला. देवगडातल्या आंबा बागायतदारांचे आणि काही दुकानांचे हिशेब मी पाहतो, विवरणपत्रे भरण्याच्या तारखा कोणासाठी थांबत नाहीत, त्यामुळे लॅपटॉप तिथे पहिल्या दिवसापासून चालणे मला आवश्यक होते. सौभाग्यवतींचा आग्रह वेगळा होता. "अहो, मिक्सर नेऊया, तिला ओल्या नारळाचं वाटण मिळत नाही तिथे," असे त्यांचे म्हणणे होते, आणि शेक घ्यायची विजेची पिशवीही त्यांनी बॅगेपाशी आणून ठेवली होती.

कणकवलीच्या बाजारात एका दुकानात मी चौकशी केली. दुकानदाराने सगळ्या देशांच्या पिना आत-बाहेर सरकणारा एक चौकोनी अडॅप्टर पुढे ठेवला आणि हा लावला की कोणतीही वस्तू जगात कुठेही चालते, असे ठामपणे सांगितले. अडॅप्टर चांगला होता, परंतु ते वाक्य बरोबर नव्हते. अडॅप्टरच्या आत असतात त्या फक्त पितळेच्या पट्ट्या. एका बाजूच्या भोकांत शिरलेली आपली पिन त्या पट्ट्यांमार्फत दुसऱ्या बाजूच्या पिनेला जोडली जाते, एवढेच त्याचे काम. भिंतीत १०० व्होल्ट असतील तर वस्तूला १०० व्होल्टच मिळतात, आणि २३० असतील तर २३०. व्होल्टेज बदलायचे तर ट्रान्सफॉर्मर लागतो, म्हणजे लोखंडी गाभ्यावर तांब्याच्या तारांचे वेढे असलेली जड पेटी, आणि ती पेटी तळहातावर मावणाऱ्या अडॅप्टरमध्ये बसणे शक्य नाही. त्याच अडॅप्टरच्या खोक्यावर बारीक अक्षरांत तो व्होल्टेज बदलत नाही अशी सूचना छापलेली होती. मी ती दुकानदाराला दाखवली.

पिनांचे आकार देशोदेशी वेगळे असण्याला इतिहास आहे. आपला तीन गोल पिनांचा प्लग हा मूळचा जुना ब्रिटिश नमुना. ब्रिटनने १९४७ नंतर हळूहळू चौकोनी पिनांचा आणि आत फ्यूज असलेला नवा प्लग स्वीकारला, आपण मात्र जुन्यावरच राहिलो. म्हणून आपला प्लग आज लंडनच्या भिंतीत बसत नाही, पण तिथली वीज आपल्यासारखीच २३० व्होल्ट आणि ५० हर्ट्झची, म्हणजे सेकंदाला ५० आवर्तनांची आहे. तिथे नुसत्या अडॅप्टरवर बहुतेक कामे भागतात, आणि तिथून आलेल्या पाहुण्यांच्या सांगण्यावरून "अडॅप्टर पुरे" हा समज आपल्याकडे पसरला असावा असे मला वाटते. जपानची गोष्ट निराळी आहे. तिथे दोन चपट्या समांतर पिना लागतात, व्होल्टेज १०० आहे, आणि देशाच्या पूर्व भागात ५० हर्ट्झ तर पश्चिम भागात ६० हर्ट्झ अशी विभागणी आहे, कारण एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तोक्योने जर्मन जनित्रे घेतली आणि ओसाकाने अमेरिकन. ओसाका ६० हर्ट्झच्या बाजूला येते.

आता लॅपटॉपचा चार्जर. त्याच्या काळ्या ठोकळ्याच्या तळाशी करड्या रंगात इतकी बारीक अक्षरे असतात की ती चष्म्यानेही नीट लागत नाहीत. मी चार्जर उन्हात तिरका धरला, मोबाइलने फोटो काढला आणि तो मोठा करून वाचला. कामाच्या ओळी दोनच होत्या.

```
INPUT: 100-240V~ 1.5A 50-60Hz
OUTPUT: 19.5V ⎓ 3.33A
```

प्रवासासाठी पाहायची ती पहिली ओळ. नागमोडी खूण म्हणजे भिंतीतून येणारी उलटसुलट वाहणारी वीज, आणि १०० व २४० यांच्यामधली आडवी रेघ म्हणजे या दोन आकड्यांमधले कोणतेही व्होल्टेज चालते. तिरकी रेघ घालून ११०/२२० असे लिहिलेले असेल तर मात्र थांबून पाहावे, कारण काही उपकरणांना, विशेषतः जुन्या डेस्कटॉपच्या पॉवर सप्लायला, मागे एक लहानसा सरकवायचा खटका असतो आणि तो हाताने योग्य बाजूला न्यावा लागतो. ५० ते ६० हर्ट्झ लिहिलेले असल्यामुळे ओसाकाचाही प्रश्न मिटला. दीड अँपिअर हा आकडा पूर्ण भार आणि सर्वांत कमी व्होल्टेज असताना चार्जर जास्तीत जास्त किती प्रवाह ओढू शकेल ते सांगतो. दुसरी ओळ चार्जरमधून लॅपटॉपकडे जाणाऱ्या विजेची आहे. साडेएकोणीस गुणिले ३.३३ म्हणजे सुमारे ६५ वॉट, आणि हा आकडा कोणत्याही देशात बदलत नाही. माझ्या एका परिचितांनी ही दुसरी ओळ वाचून लॅपटॉप परदेशात चालणार नाही असा निष्कर्ष काढला होता, म्हणून हे सविस्तर लिहिले.

व्होल्टेजच्या एवढ्या मोठ्या पट्ट्यात चार्जर चालतो, कारण तो भिंतीतली वीज आधी एकाच दिशेने वाहणारी करतो, मग सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद करून एका लहान ट्रान्सफॉर्मरमधून पुढे सोडतो, आणि बाहेर साडेएकोणीस व्होल्टच जात आहेत ना हे सतत तपासत राहतो. आत येणारे व्होल्टेज कमी झाले तर तो तेवढा अधिक प्रवाह ओढतो. ६५ वॉट द्यायला भिंतीतून साधारण ७५ वॉट घ्यावे लागतात असे धरले, तर आपल्याकडे एक तृतीयांश अँपिअर लागेल आणि जपानात पाऊण अँपिअर. कोकणातल्या माणसाला याचा पुरावा घरीच मिळतो. पावसाळ्यात संध्याकाळी आमच्या वाडीत व्होल्टेज इतके उतरते की पंखा रेंगाळतो, फ्रिज स्टॅबिलायझरवर ठेवावा लागतो आणि मिक्सर घरघरत राहतो, परंतु त्याच वेळी लॅपटॉप नेहमीसारखा चार्ज होत असतो.

मिक्सरचा निकाल याच घरघरीने लावला. त्याच्या तळाच्या पट्टीवर २३० व्होल्ट आणि ५०० वॉट एवढेच लिहिले होते, १०० ते २४० असा पट्टा कुठेच नव्हता. वाडीत १६० व्होल्टला जो नारळ वाटत नाही तो १०० व्होल्टला काय वाटणार, असे मी घरात विचारले आणि ते सर्वांना पटले. पाते नारळात अडून मोटर जागीच थांबली तर ती तापते, आणि तसाच दाबून धरला तर वेढे जळतात. १०० चे २३० व्होल्ट करणारा ट्रान्सफॉर्मर मिळतो, पण मोटर सुरू होताना नेहमीपेक्षा बराच जास्त प्रवाह ओढते, म्हणून ५०० वॉटच्या मिक्सरला हजार वॉटचा घ्यावा लागला असता, आणि त्याचे वजन कित्येक किलो भरते. दर चटणीला ओट्यावर असली पेटी वागवण्यापेक्षा तिथे १०० व्होल्टचा लहान मिक्सर घेणे मला शहाणपणाचे वाटले. शेकाच्या पिशवीचे गणित आणखी सोपे होते. तापणाऱ्या तारेची उष्णता व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते. १०० भागिले २३०, त्याचा वर्ग केला की जेमतेम एक पंचमांश उरतो. पिशवी जळली नसती, पण शेकही मिळाला नसता. ती घरीच राहिली.

उलट बाजू अधिक धोक्याची आहे. मुलगी म्हणत होती, "बाबा, येताना इथला भाताचा कुकर घेऊन जा, भात फार सुरेख होतो." तो १०० व्होल्टचा आणि ६०० वॉटचा कुकर देवगडच्या भिंतीत अडॅप्टरने लावला असता तर सुरुवातीला पाचपटीहून अधिक, म्हणजे तीन हजार वॉटच्या वर वीज ओढून क्षणात निकामी झाला असता, आणि सोबत सॉकेटही तापले असते. कुकर आणायचा नाही हे तिला त्याच फोनवर सांगितले.

आता राहिला प्लग. अडॅप्टर घेण्याच्या बेतात असताना मी चार्जरची वायर पुन्हा पाहिली. बहुतेक लॅपटॉपच्या चार्जरला भिंतीकडची वायर सुटी असते आणि ठोकळ्यात शिरणारे तिचे टोक तीन पाकळ्यांच्या आकाराचे असते. बाजारात त्याला सी-५ म्हणतात, आणि हे टोक सगळीकडे सारखेच असते. म्हणजे तिथली वायर घेतली की अडॅप्टर लागतच नाही. यात मोठी सोय आहे, कारण जपानातल्या दोन पिनांच्या सॉकेटमध्ये अडॅप्टर, त्यात आपला जड तीन पिनांचा प्लग, आणि त्याला लोंबणारी वायर असा भार पडला की चपट्या पिना खाली झुकतात. मग पकड सैल होते, हलवले की चार्जिंग तुटते आणि कधी बारीक ठिणगीचा आवाज येतो. अडॅप्टर हाताला गरम लागला तर तो वापरणे लगेच थांबवावे. आमच्याकडे तर खाऱ्या हवेने पितळी पिनांवर हिरवट थर चढतो, तो साफ न करता घट्ट अडॅप्टरमध्ये घुसवला तर हा ताप अधिक वाढतो.

ओसाकाला पोहोचल्यावर मुलीने आणलेली वायर दोन चपट्या पिनांची होती आणि प्लगपाशी हिरव्या रंगाची एक छोटी सुटी तार होती. ती अर्थिंगची तार. स्वयंपाकघरात आणि कपडे धुण्याच्या यंत्रापाशी ती जोडायला स्क्रू असतो, खोल्यांमध्ये सहसा नसतो. तीन पिनांची वायर घेतली असती तर ती त्या घरातल्या दोन भोकांच्या सॉकेटमध्ये गेलीच नसती. अर्थिंग नसल्याने लॅपटॉपच्या धातूच्या झाकणावरून मनगट फिरवले की कधीकधी बारीक झिणझिणी जाणवते. चार्जरच्या आतल्या गाळणी कपॅसिटरमधून अगदी थोडा प्रवाह झिरपत असतो आणि अर्थिंगची वाट न मिळाल्याने तो धातूवर येतो. १०० व्होल्टवर तो आपल्याकडच्यापेक्षा कमीच असतो. चांगल्या प्रतीच्या चार्जरमध्ये तो धोक्याच्या मर्यादेच्या पुष्कळ खाली ठेवलेला असतो, मात्र झिणझिणीऐवजी स्पष्ट झटका बसला तर तो चार्जर बाजूला ठेवावा.

पहिल्या दिवशी लॅपटॉप लावून मी तासाभराने चार्जरच्या ठोकळ्याला हात लावून पाहिला. तो घरी असतो तसाच कोमट होता आणि बॅटरीही नेहमीच्याच वेगाने भरत होती. सगळी विवरणपत्रे मी त्याच वायरवर भरली. निघताना मुलगी ती वायर माझ्या बॅगेत ठेवू लागली, तेव्हा मी प्लगवर कोरलेली अक्षरे तिला वाचून दाखवली. ती वायर १२५ व्होल्टपर्यंतच्या वापरासाठी बनवलेली होती, म्हणून ती ओसाकालाच ठेवली आणि देवगडला परतल्यावर चार्जरला त्याची जुनी तीन गोल पिनांची वायर लावली.