बेचक्यात बेचका

हस्तांदोलनाविषयी सल्ला द्यायला बसलेला माणूस बहुधा ‘पकड घट्ट हवी’ एवढे सांगून मोकळा होतो. हा सल्ला चुकीचा नाही, पण अर्धवट आहे, आणि तो मनावर घेऊन बैठकीला आलेली मंडळी समोरच्याची बोटे पिळून काढतात तेव्हा त्याचे अर्धवटपण चांगलेच जाणवते. जोर किती लावला यापेक्षा तो हाताच्या कोणत्या भागावर आणि कोणत्या क्षणी लागला, यावर पहिले मत अधिक ठरते, असे मला अनेक बैठका पाहून वाटू लागले आहे. ज्याला आपण मिळमिळीत हस्तांदोलन म्हणतो आणि ज्याला दांडगट म्हणतो, ती दोन्ही पुष्कळदा वेळ चुकल्याची लक्षणे असतात.

अंगठा आणि तर्जनी यांच्यामध्ये जो बेचका असतो, तो समोरच्याच्या बेचक्याला जाऊन भिडला की पकड पूर्ण झाली असे समजावे. तळहात तळहाताला टेकतो, बोटे पलीकडच्या कडेवरून वळतात, आणि मग थोडा जोर लावला तरी तो हाताच्या मांसल भागावर पसरतो. यासाठी हात पुढे नेताना अंगठा वर आणि मोकळा ठेवावा लागतो, आणि बेचके भिडेपर्यंत बोटे मिटायची नसतात. हा सगळा खेळ अर्ध्या सेकंदाचा आहे. दोघांपैकी एकाने जरी बोटे आधी मिटली, तरी दुसऱ्याचा हात वाटेतच अडकतो आणि मुठीत येतात ती त्याची नुसती बोटे. आता त्या बोटांनी काय करावे? त्यांना उलट पकडता येत नाही, दाब देता येत नाही. ती निमूटपणे पडून राहतात, आणि पकडणारा मनात नोंद करतो की हा माणूस ढिला आहे.

एक नेहमी दिसणारा प्रसंग घेऊ. माल पुरवणाऱ्या कंपनीची प्रतिनिधी पहिल्यांदाच खरेदी विभागाच्या प्रमुखांना भेटायला आली आहे. बैठकीच्या खोलीत मधोमध रुंद टेबल आहे. प्रमुख पलीकडच्या बाजूला बसलेले आहेत, ते अर्धवट उठतात आणि टेबलावरून हात पुढे करतात. हिच्या उजव्या हातात लॅपटॉपची बॅग आहे. ती डाव्या हातात घेईपर्यंत पलीकडचा हात तसाच हवेत राहतो, त्यामुळे ती घाईने वाकते. टेबलाच्या रुंदीमुळे दोघांचेही कोपर सरळ ताणलेले, खांदे पुढे ओढलेले. हात एकमेकांपर्यंत पोचतात ते जेमतेम बोटांच्या पेरांपर्यंत, आणि थांबून कंटाळलेले प्रमुख तिथेच मूठ मिटतात. प्रमुखांना हाती आलेली चार निर्जीव बोटे आठवतील, तिला आठवेल ती पेरांवर आलेली चेप. दोघांनीही एकमेकांच्या स्वभावाविषयी काहीतरी ठरवून टाकले आहे, आणि ते बहुतांशी टेबलाच्या रुंदीने ठरवले आहे.

हाच प्रसंग थोडा बदलून पाहावा. ती दारातून आत येण्यापूर्वीच बॅग डाव्या हातात घेते. प्रमुख पूर्ण उठून टेबलाला वळसा घालून तिच्या बाजूला येतात. दोघांमध्ये हातभर अंतर राहते, कोपर किंचित वाकलेले असतात. तीच माणसे, तेच हात, तेवढीच ताकद, पण आता बेचके सहज भिडतात. ढिलेपणाचा आरोप करायला जागाच उरत नाही.

पकडीचा हा पूर्णपणा अभ्यासकांनाही वेगळा मोजावासा वाटला. अलाबामा विद्यापीठातील विल्यम चॅप्लिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2000 साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात चार परीक्षकांना आधी हस्तांदोलन पारखण्याचे रीतसर शिक्षण दिले आणि मग त्यांनी 112 विद्यार्थ्यांचे हात हाती घेऊन पाहिले. जोर, झटक्यातील उत्साह, पकडीचा पूर्णपणा, कालावधी आणि नजरेला नजर या पाच गोष्टी एकमेकींच्या सोबतीने येतात, असे त्यांना आढळले; त्या मिळूनच ‘खंबीर’ हस्तांदोलन ठरले. तळहाताचा कोरडेपणा, उष्णता आणि पोत हे मात्र त्या जुळणीत बसले नाहीत. घामट तळव्यांच्या भीतीने दाराबाहेर रुमाल चोळत उभे राहणाऱ्यांना हे ऐकून जरा हायसे वाटायला हरकत नाही. खंबीर हस्तांदोलन करणारी माणसे अधिक मनमोकळी आणि कमी बुजरी निघाली, आणि परीक्षकांचे त्यांच्याविषयीचे पहिले मतही अधिक अनुकूल होते. यात जोर हा पाचांतला एक आहे, सर्वेसर्वा नाही.

आता दांडगटांकडे वळू. बोटांच्या मुळाशी जी गाठींची रांग असते, तिच्यावर आडवा दाब दिला की हाडे एकमेकांवर घासतात. त्यात अंगठी असेल किंवा सांधे दुखरे असतील, तर माणूस कळवळतो. पूर्ण पकडीत जो जोर आश्वासक वाटतो, तोच त्या रांगेवर पडला की आक्रमक वाटतो. हात मोडेल असे दाबणारे सगळेच वर्चस्व गाजवायला निघालेले नसतात. त्यांतले बरेच जण मूठ लवकर मिटतात, आपल्या हातात समोरच्याची बोटेच आहेत याचा त्यांना पत्ता नसतो, आणि ‘घट्ट हवी’ हा धडा ते इमानेइतबारे गिरवत असतात. अर्थात मुद्दाम करणारेही आहेत. तळहात पालथा घालून वरून हात देणारा आणि मग हिसका देऊन समोरच्याला आपल्याकडे ओढणारा गृहस्थ माझ्या मते बैठक सुरू होण्याआधीच हरलेला असतो, कारण समोरचा माणूस पुढचा अर्धा तास त्याच्या प्रस्तावापेक्षा त्याच्यापासून सावध राहण्यातच घालवतो.

स्त्रियांच्या बाबतीत हा प्रश्न अधिक गुंतागुंतीचा होतो. ग्रेग स्ट्यूअर्ट आणि सहकाऱ्यांनी 2008 मध्ये नोकरीच्या सराव मुलाखतींचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात 98 विद्यार्थ्यांच्या हस्तांदोलनाला गुण देणारे वेगळे आणि मुलाखत घेणारे वेगळे होते, तरीही चांगले हस्तांदोलन आणि ‘याला नोकरी द्यावी’ ही शिफारस यांच्यात संबंध दिसला. स्त्रियांना हस्तांदोलनात सरासरीने कमी गुण मिळाले, मुलाखतीत मात्र नाहीत. या कमी गुणांमागे हाताच्या ताकदीचा फरक असेलच. पण बैठकांमध्ये मी जे पाहतो त्यावरून आणखी एक शंका येते. स्त्रीशी हात मिळवताना अनेक पुरुष सौजन्य म्हणून केवळ बोटांची टोके धरतात. बेचक्यापर्यंत पोचूच द्यायचे नाही आणि मग हात हलका लागला म्हणायचे, हा न्याय काही बरा नव्हे.

कालावधीच्या बाबतीत माणसे क्वचितच आखूडपणाने चुकतात. चुकतात ती लांबणीने. डंडी विद्यापीठात एमेशे नॉज यांच्या नेतृत्वाखाली झालेल्या आणि 2019 मध्ये पुढे आलेल्या प्रयोगात, तीन सेकंदांहून लांबलेल्या हस्तांदोलनानंतर लोकांचे हसणे कमी झाले आणि अस्वस्थता वाढली. लांबण्याचे कारण बहुधा साधे असते. बोलणाऱ्याचे वाक्य संपलेले नसते. ‘आपल्याविषयी पुष्कळ ऐकले होते, मागच्या महिन्यात आमचे साहेबही म्हणत होते की’ इथपर्यंत येऊनही हात त्याच्याच ताब्यात असतो, कारण वाक्य आणि हात एकत्र सोडायचे, अशी त्याने नकळत गाठ घातलेली असते. आपले नाव आणि कंपनीचे नाव एवढे बोलण्यात दोनेक सेकंद जातात, हात दोन-तीनदा वरखाली होतो, आणि तेवढे पुरे असते. कौतुक हात सोडूनही करता येते.

सोडण्याचा क्षण ओळखायची खूण समोरच्याच्या बोटांतच असते. त्याची पकड किंचित सैल पडते, कधी तळहात मागे सरकू लागतो. त्याच क्षणी सोडले तर कोणी आधी सोडले हे दोघांनाही सांगता येत नाही. ती खूण चुकली की एक हात सुटायला धडपडतो आणि दुसरा त्याला धरून ठेवतो. फेब्रुवारी 2017 मध्ये वॉशिंग्टन येथे डोनाल्ड ट्रम्प यांनी जपानचे पंतप्रधान शिंझो आबे यांचा हात छायाचित्रकारांसमोर 19 सेकंद धरून ठेवला होता, आणि तो सुटल्यावर आबे यांच्या चेहऱ्यावर उमटलेला भाव जगभर पुन:पुन्हा दाखवला गेला.

उलट बाजूने, नजर आधीच पुढच्या माणसाकडे गेलेली असते तेव्हा सेकंद पुरेसे भरूनही हस्तांदोलन आखूड वाटते. दोन्ही बाजूंनी चार-चार माणसे असली की हे हमखास घडते. पहिल्याला पूर्ण पकड, नाव आणि स्मित मिळते. दुसऱ्याला पकड मिळते, नाव अर्धे. तिसऱ्याचा हात धरताना डोळे चौथ्यावर असतात, आणि चौथा कोपऱ्यात उभा असेल तर लांबूनच मान हलवून काम उरकले जाते. माणसे हुद्द्याच्या क्रमाने उभी असतील, तर हा कंजूषपणा नेमका शेवटच्याच्या वाट्याला येतो. तो पुष्कळदा हिशेब विभागाचा असतो, बैठकीत फारसे बोलत नाही, आणि दरपत्रकावर पहिली खूणगाठ त्याच्याच पेन्सिलीची पडते.