मराठी-इंग्रजी लग्नपत्रिका टेम्प्लेट: लिस्टिंगची दुसरी आवृत्ती तयार

पहिल्या आवृत्तीत वर्णनाची एकच ओळ होती: "कॅनव्हात एडिट करा, कोणत्याही भाषेत." ती काढून टाकली आहे. साधन, माप आणि भाषा या तिन्ही गोष्टी आता वेगवेगळ्या लिहिल्या आहेत, आणि सगळ्यात जास्त काम भाषेच्या ओळीने काढलं.

मूळ मांडणी इंग्रजीची. वधू-वरांची नावं मोठ्या अक्षरांत, अक्षरांमध्ये ऐसपैस अंतर, दोन ओळी एकमेकींना खेटून. त्याच चौकटीत मराठी मजकूर टाकला की आधी शिरोरेषा तुटते, कारण `Letter spacing` वाढवलेलं असतं. इंग्रजीत ते अंतर देखणं दिसतं, देवनागरीत मात्र प्रत्येक अक्षर आपापली पाटी घेऊन उभं राहिल्यासारखं वाटतं. म्हणून मराठी पानावर ते शून्यावर आणलं. मग ओळींमधलं अंतर. वरच्या ओळीत "चि.सौ.कां. मृणाल" आणि खालच्या ओळीत "चि. हर्षवर्धन" असेल, तर १.० अंतरावर "मृ"चा खालचा आकडा खालच्या नावातल्या रफाराला जाऊन भिडतो. १.४ ठेवल्यावर दोन्ही सुटे झाले. नावांची चाचणी घेताना "अमर" आणि "कमल" घेऊन उपयोग नाही. त्यात वर-खाली काहीच नाही, त्यामुळे मांडणी उगाचच पास होते.

तिसरी अडचण फॉन्टची. सुलेखनासारख्या दिसणाऱ्या बहुतेक इंग्रजी फॉन्टांत देवनागरी अक्षरं नसतातच. मजकूर मराठीत लिहिला की साधन गुपचूप दुसरा फॉन्ट लावतं आणि पत्रिका सरकारी नोटिशीसारखी दिसू लागते. त्यामुळे मराठी पानासाठी देवनागरी फॉन्ट स्वतंत्र निवडला. निवडताना "ल" तपासून घ्यावा: अनेक फॉन्टांत आधी हिंदी वळणाचा, दांडीचा ल येतो, पाकळीचा मराठी ल येत नाही. "लग्न" हा शब्दच ल पासून सुरू होतो, तेव्हा घरातल्या वडीलधाऱ्यांच्या नजरेतून हे सुटत नाही. "गोऱ्हे", "कुऱ्हाडे" अशी आडनावंही टाकून पाहावीत, अर्धा ऱ कच्च्या फॉन्टात बिघडतो.

मजकुराची लांबीही वेगळी. इंग्रजी पान दोन नावं, तारीख आणि स्थळ एवढ्यावर भागतं. मराठी पानाला वर "॥ श्री गणेशाय नमः ॥", कुलदेवतेचं नाव, "यांचे ज्येष्ठ चिरंजीव", मुहूर्त, निमंत्रक, आपले विनीत आणि तळाशी "आमच्या काकाच्या लग्नाला यायचं हं!" एवढं सगळं लागतं. म्हणून मराठी पान भाषांतर करून बसवलेलं नाही, वेगळंच मांडलं आहे. वरची वेल छोटी केली आणि निमंत्रकांसाठी पाच ओळींची चौकट ठेवली.

मापं दोनच ठेवली आहेत. छपाईसाठी ५ × ७ इंच, म्हणजे ३०० डीपीआयला १५०० × २१०० पिक्सेल. हे कार्ड अमेरिकेत सहज मिळणाऱ्या ए७ पाकिटात, म्हणजे ५.२५ × ७.२५ इंचाच्या पाकिटात बसतं. व्हॉट्सॲप स्टेटससाठी १०८० × १९२०. कॅनव्हाच्या मोफत खात्यात आहे त्या डिझाइनचं माप बदलता येत नाही, म्हणून दोन्ही मापांच्या लिंका वेगळ्या दिल्या. कडेपर्यंत रंग असल्यामुळे छपाईची पीडीएफ `Crop marks and bleed` वर टिक करून काढायची आणि मजकूर कडेपासून पाव इंच आत ठेवायचा.

लिस्टिंगमध्ये आता असं आहे:

> साधन: कॅनव्हा, मोफत खातं चालेल. सर्व चित्रं मोफत संग्रहातली.
> माप: ५ × ७ इंच (छपाई) आणि १०८० × १९२० (मोबाइल). दोन स्वतंत्र लिंक.
> भाषा: मराठी आणि इंग्रजी, दोन्ही पानं मांडून दिलेली. इतर लिपींसाठी फॉन्ट व अंतर खरेदीदाराने बदलावं.
> मिळेल: लिंक असलेली पीडीएफ. छापील कार्ड नाही.

"मोफत खातं चालेल" लिहिण्याआधी एका वेगळ्या मोफत खात्यातून लिंक उघडून डाउनलोडपर्यंत जावं. एखादं फूल जरी प्रो संग्रहातलं राहिलं, तरी खरेदीदाराला त्यावर वॉटरमार्क दिसतो किंवा पैसे मागितले जातात. लिंकही त्याच वेळी तपासून होते. ती `Template link` हवी, म्हणजे प्रत्येकाला स्वतःची प्रत मिळते. एडिटची लिंक गेली तर एका घरची नावं दुसऱ्या घरच्या पत्रिकेत दिसतील.

राहिलेलं काम प्रेसवाल्यांचं आहे. बरेच जण फाइल कोरलमध्ये मागतात आणि त्यांच्याकडचा मराठी मजकूर अजून युनिकोडपूर्व फॉन्टांत असतो. तो कॅनव्हात चिकटवला की रोमन अक्षरांची खिचडी दिसते. तेव्हा "मजकूर युनिकोडमध्येच टाइप करावा" ही ओळ सूचनांच्या पीडीएफमध्ये पहिल्याच पानावर टाकली. कोरलची आवृत्ती तयार होईपर्यंत तिचा उल्लेख लिस्टिंगमध्ये केलेला नाही.