रिसीव्हर किती वेळाने बंद पडतो? प्रोटेक्शनच्या मागावर चार आठवडे

९ एप्रिल

पावसाचं दृश्य सुरू झालं आणि रिसीव्हर बंद. मागून टक् असा रिलेचा आवाज आला, डिस्प्लेवर क्षणभर `PROTECT` दिसलं आणि स्टँडबायचा दिवा लुकलुकायला लागला. परत चालू केला तर दहा मिनिटं बिनबोभाट चालला. पात्रं बोलत होती तोवर काही झालं नाही, पण मागच्या स्पीकरमधून गर्दीचा गलका आल्याबरोबर पुन्हा टक्.

ज्यांनी आधीच्या नोंदी वाचलेल्या नाहीत त्यांच्यासाठी मांडणी सांगतो. आमचं घर सोलापूरच्या पूर्व भागात आहे. हॉलमध्ये ५.१, सगळे स्पीकर ६ ओहमचे. हॉलमधली पुढची जोडी रिसीव्हरच्या ए टर्मिनलवर. शिवाय गच्चीवर आणखी एक ६ ओहमची जोडी आहे, ती बी टर्मिनलवर. रिसीव्हर टीव्हीखालच्या लाकडी कपाटात.

तिसऱ्यांदा चालू करायचा मोह झाला होता, पण आवरला. वायर शॉर्ट असेल तर प्रत्येक प्रयत्नाला आउटपुटचे ट्रान्झिस्टर तो करंट झेलतात आणि एखाद्या वेळी प्रोटेक्शनच्या आधी तेच जातात. काही रिसीव्हर तर लागोपाठ काही वेळा प्रोटेक्शनमध्ये गेले की स्वतःला कुलूपच लावून घेतात, मग ते दुरुस्तीवाल्यालाच काढावं लागतं. प्लग काढला आणि झोपलो.

१० एप्रिल

सकाळी गल्लीतल्या अण्णांशी बोललो. त्यांचं आयुष्य यंत्रमागाच्या मोटरी भरण्यात गेलं. होम थिएटरशी त्यांचा संबंध नाही, पण माझं सगळं ऐकून त्यांनी एकच विचारलं, "किती वेळानं पडतंय ते सांग की बे आधी. स्टार्टर लावल्या लावल्या ट्रिप झाला तर आत काहीतरी जळालंय. लोड आला की ट्रिप झाला तर वायरिंग बघायचं. तासाभरानं झाला तर मोटर गरम होतीय."

हे मी वहीत जसंच्या तसं लिहून ठेवलं, कारण रिसीव्हरलाही ते तंतोतंत लागू पडतं. संदेश एकच येतो, पण त्यामागे निदान तीन वेगळी कारणं असतात: आउटपुटवर डीसी व्होल्टेज येणं, करंट जास्त होणं आणि हीटसिंक तापणं. यातलं कोणतं, हे बहुतेक वेळा डिस्प्ले सांगत नाही. घड्याळ सांगतं.

११ एप्रिल

पहिली चाचणी. प्लग काढून मागच्या सगळ्या स्पीकर वायरी सोडवल्या, प्रत्येकीला चिठ्ठी लावली, व्हॉल्यूम तळाला नेला आणि रिसीव्हर नुसता चालू केला. चार-पाच सेकंदांनी रिले टक् करून जोडला गेला आणि तसाच राहिला. अर्धा तास ठेवला, काही नाही. हा मोठा दिलासा. एकही वायर नसताना रिले जोडलाच गेला नाही किंवा लगेच सुटला, तर बिघाड रिसीव्हरच्या आत असतो. तसं झालं असतं तर मी झाकण उघडलं नसतं, कारण प्लग काढल्यावरही आतल्या मोठ्या कपॅसिटरमध्ये चार्ज शिल्लक राहतो. सरळ दुरुस्तीला दिला असता.

आता बाहेरचं. मल्टीमीटर २०० ओहमवर ठेवला. दोन्ही टोकं एकमेकांना टेकवल्यावर ०.४ दाखवत होता, तेवढे प्रत्येक वेळी वजा करायचे. मग रिसीव्हरच्या बाजूने एकेक जोडी मोजली. पुढचा डावा ५.३, पुढचा उजवा ५.२, मधला ५.४, मागचा डावा ५.६. स्पीकर ६ ओहमचा असून मीटर कमी दाखवतो म्हणून कुणी घाबरू नका. मीटर फक्त कॉइलचा डीसी रोध मोजतो आणि तो छापील इम्पीडन्सपेक्षा थोडा कमीच असतो.

मागचा उजवा: ०.७. वजाबाकी करून ०.३.

सापडला. पण स्पीकर शॉर्ट की वायर? स्पीकरकडच्या वायरी काढल्या, दोन्ही टोकं मोकळी ठेवली आणि पुन्हा मोजलं. वायर धड असती तर मीटरने `OL` दाखवायला हवं होतं. तरीही ०.७. म्हणजे स्पीकर निर्दोष, वायरच कुठेतरी आतल्या आत जुळलेली.

पावसाच्या दृश्याचं कोडंही सुटलं. शॉर्ट असलेल्या चॅनेलमध्ये आवाज नसेल तोवर तिथे व्होल्टेजच जवळपास नसतं, त्यामुळे करंटही नसतो. संवाद मधल्या स्पीकरमधून येत होते तोवर रिसीव्हर शांत होता. मागच्या उजव्यात आवाज गेला की ०.३ ओहमचा भार, आणि टक्. तुमचा रिसीव्हर ठरावीक दृश्यांनाच बंद पडत असेल तर आधी ते दृश्य कोणत्या स्पीकरचं आहे ते आठवा.

१२ एप्रिल

वायर १४ मीटर, पट्टीच्या मागून गेलेली. सगळी उपसायची नव्हती म्हणून गणित केलं. एक चौरस मिलिमीटर तांब्याचा रोध मीटरला साधारण ०.०१८ ओहम, जाऊन-येऊन ०.०३६. ०.३ भागिले ०.०३६ म्हणजे जेमतेम सव्वाआठ मीटर. पण माझा मीटर ०.१ च्या टप्प्यानेच वाचतो, आणि एक टप्पा म्हणजे जवळपास तीन मीटर. शिवाय जिथे तारा टेकल्यात तिथल्या स्पर्शाचा रोधही या ०.३ मध्ये आलाच. त्यामुळे जागा सव्वाआठच्या अलीकडेच असणार असं धरून टेपने मोजत निघालो.

साडेसहा मीटरवर मागच्या भिंतीवर माझी चादर टांगलेली आहे. जाड सोलापुरी चादर, दुहेरी घडी करून. मागच्या उघड्या भिंतीवरून येणारा प्रतिध्वनी कमी करायला पाडव्याला लावली होती आणि त्या कामाला ती चांगलीही आहे. तिचा डावीकडून दुसरा खिळा पट्टीच्या कडेतून आत गेला होता. खिळा काढला तर त्याच्या दोन्ही अंगांना तांब्याची लाल रेघ उमटलेली दिसली. त्याने दोन्ही तारांमधलं प्लास्टिक फोडलं होतं आणि चादरीच्या वजनाने तो खाली ओढला गेला की दोन्ही तारांना एकदम टेकत होता. म्हणूनच पाडव्यानंतरचे काही दिवस सगळं नीट चाललं.

तेवढा तुकडा कापून टाकला आणि दोन्ही सांधे सोल्डर केले. एक सांधा दुसऱ्यापासून दोन इंच सरकवून घेतला म्हणजे ते समोरासमोर येत नाहीत, आणि दोन्हींवर वेगवेगळी हीटश्रिंक नळी चढवली. स्पीकर जोडून मोजलं: ५.६. मग टेस्ट टोन पाचही स्पीकरवरून फिरवला, रिले जागचा हलला नाही.

१८ एप्रिल

आनंद आठवडाभर टिकला. काल गच्चीवर पाहुणे होते, ए आणि बी दोन्ही चालू ठेवले. ५० मिनिटांनी बंद. आज मुद्दाम तसंच लावून घड्याळ घेऊन बसलो: ४६ मिनिटं. पंधरा मिनिटं थंड होऊ दिल्यावर चालू झाला, पण या खेपेला २० मिनिटांतच गेला.

अण्णांचा तिसरा प्रकार. शॉर्टची वेळ अशी थंड-गरमवर अवलंबून नसते.

१९ एप्रिल

मत्स्यालयात वापरतात तो तारेचा डिजिटल थर्मामीटर नवी पेठेतून आणला आणि टोक रिसीव्हरच्या जाळीवर, कपाटाच्या छताखाली अडकवलं. खोलीत ३६ अंश. ए आणि बी लावून ४५ मिनिटांनी कपाटात ५८. हीटसिंक त्याहून कितीतरी गरम असणार. रिसीव्हरच्या पुस्तिकेतली मर्यादा भोवतालच्या ३५ अंशांची आहे. सोलापूरच्या एप्रिलमध्ये आपण ती कपाटाचं दार उघडं ठेवूनही ओलांडलेली असते, म्हणून थंड गावांतले सल्ले इथे जसेच्या तसे चालत नाहीत.

जाळीतून बॅटरी मारून पाहिलं तर हीटसिंकच्या पात्यांमध्ये पांढरी लव बसलेली. आमच्या भागात मागांची सुताची लव हवेतच असते आणि ती साध्या धुळीसारखी झटकली जात नाही, जाळं धरते. प्लग काढून, मऊ ब्रश लावलेल्या व्हॅक्यूमने जाळीवरूनच ओढून घेतली. मुठीएवढा गोळा निघाला.

२१ एप्रिल

लव काढून आणि कपाटाची मागची पाठ काढून पुन्हा तीच चाचणी. ४९ अंश, आणि १ तास २० मिनिटांनी बंद. सुधारणा आहे, पण मूळ अजून जागेवरच. मग पुस्तिकेतलं ते पान नीट वाचलं. ए किंवा बी एकटे असतील तर प्रत्येक स्पीकर किमान ६ ओहमचा चालतो. ए आणि बी एकत्र लावायचे असतील तर किमान १२ ओहमचा.

ए आणि बी एकत्र म्हणजे रिसीव्हर दोन्ही जोड्या समांतर जोडतो. ६ आणि ६ समांतर म्हणजे ३ ओहम. २० व्होल्टला एकट्या स्पीकरमधून ३.३ अँपिअर जातात, दोघांतून मिळून ६.७. तोच आवाज, तोच नॉब, पण ट्रान्झिस्टरमधून दुप्पट करंट आणि त्यांच्यात साधारण दुप्पट उष्णता. त्यात छापील ६ हा आकडा सगळ्या फ्रिक्वेन्सीला सारखा नसतो. काही जागी तो चारपर्यंत उतरू शकतो, तिथे जोडीचा भार २ ओहम होतो. म्हणून मोठ्या आवाजातल्या बेसला कधीकधी ४६ मिनिटांची वाटही पाहावी लागत नाही, करंटचं प्रोटेक्शन आधीच धावतं.

चुलतभावाने सुचवलं की मेनूत स्पीकर इम्पीडन्सची निवड आहे, ती कमीवर टाक. टाकून पाहिली. रिसीव्हर थोडा थंड चालतो हे खरं, कारण तो आतलं व्होल्टेज उतरवतो. पण ताकद तेवढीच कमी होते, आणि मोठ्या प्रसंगांत आवाज फाटायला लागतो. भार ३ ओहमचा तो ३ ओहमचाच. मी निवड परत मूळ जागी नेली.

दोन जोड्या सिरीजमध्ये लावता आल्या असत्या, ६ आणि ६ मिळून १२ होतात. पण मग एकीला बंद केलं की दुसरीही बंद, आणि दोन वेगळ्या बनावटीचे स्पीकर एकमेकांचा तोल बिघडवतात. गच्चीसाठी मला ते पटत नाही.

२६ एप्रिल

केलं ते असं. ए आणि बी एकत्र लावणं कायमचं बंद. गच्चीच्या जोडीला जुना स्टिरिओ अॅम्प्लिफायर वेगळा दिला, त्याला आवाज रिसीव्हरच्या झोन २ च्या लाइन आउटमधून. पुढचे स्पीकर मेनूत `Small` करून क्रॉसओव्हर ८० हर्ट्झवर ठेवला, म्हणजे खालचा बेस सबवूफरकडे जातो आणि त्याचा करंट रिसीव्हरला द्यावा लागत नाही. पाठ काढलेल्या जागी १२० मिलिमीटरचा १२ व्होल्टचा पंखा ५ व्होल्टवर लावला, तो हवा बाहेर ओढतो आणि ऐकूही येत नाही.

आईला मात्र समजावून सांगावं लागलं. लव बसते म्हणून ती रात्री रिसीव्हरवर टॉवेल टाकायची आणि कधी दुपारीही तो तसाच राहायचा. आता टॉवेल कपाटाच्या दाराला बांधलाय, प्लग काढला की मगच तो वर जातो.

३ मे

बाहेर ४३ अंश, खोलीत ३७. पूर्ण चित्रपट, २ तास ४० मिनिटं, गच्चीचे स्पीकरही चालू. कपाटात सर्वांत जास्त ४४. रिले एकदाच वाजला, चालू करताना. मागच्या डाव्या वायरचीही पट्टी उघडून खिळ्यांच्या जागा तपासायच्या राहिल्यात, ते पुढच्या रविवारी.